फील्ड कपॅसिटी: क्षेत्रक्षमता, जलधारण क्षमता की वाफसा? शब्द पक्का करायच्या आधी काय काय बघायचं

प्रश्न: मातीतला ओलावा मोजणाऱ्या सेन्सरचं मॅन्युअल इंग्रजीतून मराठीत करतेय. त्यात 'फील्ड कपॅसिटी ३६ टक्के सेट करा' अशी वाक्यं आहेत. एका परिभाषेच्या यादीत 'क्षेत्रक्षमता' मिळालं, क्लायंटच्या जुन्या फाइलमध्ये 'जलधारण क्षमता' आहे, आणि शेती करणारे काका म्हणतात की त्याला सरळ 'वाफसा' म्हणतात. नेटवर तिन्ही सापडतात. कुठला घ्यायचा आणि तो बरोबर आहे हे तपासायचं कसं?

उत्तर:

आधी निकाल सांगतो, मग तिथपर्यंत कसा पोचलो ते. सेटिंगचं नाव म्हणून 'क्षेत्रक्षमता' घ्या, पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात अर्थ द्या. 'जलधारण क्षमता' जुन्या फाइलमधून आलेली असली तरी काढाच. 'वाफसा' मात्र फेकू नका, तो मॅन्युअलमध्ये दुसऱ्या जागी लागणार आहे. काका चुकीचं बोलत नाहीयेत, पण ते ज्याच्याबद्दल बोलतायत ती गोष्ट थोडी वेगळी आहे, आणि हा थोडासा फरक सेन्सरच्या आकड्यात मोठा होतो.

तीन मराठी शब्द समोर ठेवून कुठला बरा वाटतो ते बघायला बसलात तर दिवस जाईल आणि हाती काही लागणार नाही, कारण तिन्ही कानाला बरेच लागतात. मी सुरुवात नेहमी इंग्रजी बाजूने करतो. आधी मूळ फाइलमध्ये फील्ड कपॅसिटी जिथे जिथे येते ती सगळी वाक्यं एका पानावर काढून घ्या, अगदी टेबलमधली आणि स्क्रीनवर दिसणारी सुद्धा. मग प्रत्येकासमोर एवढंच लिहा की इथे ही वस्तू काय करतेय, तिच्यापुढे आकडा आहे का, ती 'येते' का 'सेट करतात', ती कशाच्या वर आहे आणि कशाच्या खाली. तुम्ही दिलेल्या वाक्यात ती टक्क्यात आहे आणि माणूस ती बटण दाबून भरतोय, म्हणजे इथे ती मोजून मिळणारी रक्कम आहे. हा एक धागा शेवटपर्यंत हातात ठेवा, कारण तीन शब्दांपैकी एक इथेच अडकणार आहे.

आता इंग्रजी-इंग्रजी कोश. साध्या डिक्शनरीत 'माती धरून ठेवू शकते तेवढं पाणी' अशा धाटणीची व्याख्या असेल तर तिच्यावर थांबू नका, तेवढ्याने तिन्ही मराठी शब्द बरोबरच वाटतात. अमेरिकेच्या मृदाशास्त्र सोसायटीची मृदाशास्त्रीय शब्दांची ग्लॉसरी आहे, तिच्यात व्याख्या अशी आहे की माती भिजवल्यावर दोन-तीन दिवसांनी, मोकळा निचरा नगण्य झाल्यावर, मातीत जे पाणी उरतं ते. एफएओ, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि कृषी संघटना, तिचा सिंचनावरचा ५६ नंबरचा पेपर आहे, १९९८ चा, तो म्हणतो की चांगला निचरा होणारी माती गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध जे पाणी धरून ठेवते, किंवा खाली झिरपणं बरंचसं कमी झाल्यावर जे उरतं ते. दोन्ही व्याख्या समोरासमोर ठेवल्या की सामाईक गोष्टी आपोआप वर येतात: आधी पूर्ण भिजणं, मग निचरा, मग निचरा जवळजवळ थांबणं, आणि त्यानंतर *उरलेलं* पाणी. 'जास्तीत जास्त मावणारं पाणी' असं दोन्हीत कुठेच नाही. लॅबमध्ये हीच गोष्ट साधारण उणे ३३ किलोपास्कल ताणाला मोजतात, वाळूच्या जमिनीला उणे १० च्या आसपास धरतात, आणि खालचं टोक म्हणजे झाड कायमचं कोमेजतं तो बिंदू, उणे १५०० किलोपास्कल. हे आकडे मॅन्युअलमध्ये असोत नसोत, तुमच्या टिपणात असू द्या, कारण पुढे सर्चमध्ये हेच आकडे चाव्या म्हणून लागणार आहेत.

आणि एक गोष्ट इथेच पाहून घ्या, कारण मी स्वतः इथे आपटलोय. फील्ड कपॅसिटीला दुसरा एक पूर्ण वेगळा अर्थ आहे, शेती यंत्रांचा. ट्रॅक्टरमागचं अवजार ताशी किती क्षेत्र उरकतं त्याला पण फील्ड कपॅसिटीच म्हणतात. दोन मीटर रुंदीचं अवजार ताशी पाच किलोमीटरने चाललं तर तासाला दहा हजार चौरस मीटर, म्हणजे एक हेक्टर, ही झाली कागदावरची क्षमता, आणि वळणं, बी भरणं, थांबणं यात वेळ जाऊन कार्यक्षमता ७० टक्के धरली तर प्रत्यक्षात ०.७ हेक्टर. बऱ्याच वर्षांपूर्वी एका एजन्सीकडून पेरणी यंत्राचं मॅन्युअल आलं होतं, ट्रान्सलेशन मेमरीत आधीच्या कुठल्यातरी सिंचनाच्या कामातला शब्द बसलेला, टूलने शंभर टक्के मॅच दाखवला आणि मी तसाच पुढे जाऊ दिला, आणि यंत्राच्या माहितीच्या टेबलमध्ये 'जलधारण क्षमता: ०.७ हेक्टर प्रति तास' छापून गेलं. पाणी धरायची क्षमता हेक्टरमध्ये! एकक बघितलं असतं तर एका सेकंदात कळलं असतं, पण मी शब्द बघत होतो, एकक नाही. तेव्हापासून कुठलाही अडचणीचा शब्द आला की पहिली नजर एककावर. टक्के, मिलिमीटर, किलोपास्कल असेल तर माती. हेक्टर प्रति तास असेल तर यंत्र. इंग्रजीत हे वेगळं करून बघायचं असेल तर असं शोधा:

```
"field capacity" "ha/h" implement
"field capacity" "wilting point" soil
```

दोन सर्चची दोन वेगळी जगं दिसतील. आणि लक्षात घ्या, परिभाषेच्या यादीत 'क्षेत्रक्षमता' मिळाली एवढ्यावरून ती यातल्या कुठल्या जगासाठी दिली आहे ते कळत नाही. यादीत बहुतेक वेळा डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी, व्याख्या नाही, विषयाची खूण असली तर असली. महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने विषयवार परिभाषा कोश काढलेत, कृषिशास्त्राचाही आहे, आणि ते आपल्याला मिळालेलं मोठं धन आहे, पण ते प्रतिशब्दांचे कोश आहेत, अर्थ सांगणारे नाहीत. त्यांच्यातून 'हा शब्द कुणीतरी विचार करून सुचवलाय' एवढं कळतं, 'हा शब्द माझ्या वाक्यात बसतो' हे कळत नाही. म्हणून यादीतला शब्द मी उमेदवार म्हणून घेतो, उत्तर म्हणून नाही.

मग मराठी-मराठी कोश. दाते-कर्वे मंडळींचा महाराष्ट्र शब्दकोश (सात भाग, १९३२ ते १९३८) शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई डिजिटल कोशांमध्ये शोधता येतो, तिथेच मोल्सवर्थपण आहे. मोल्सवर्थ मराठी-इंग्रजी आहे पण शेतीच्या शब्दांसाठी मी तो कायम उघडतो, कारण तो नुसता प्रतिशब्द देऊन सुटत नाही, समजावून सांगतो. शोधताना दोन गोष्टी. एक, जुन्या कोशात आता आपण लिहीत नाही ते अनुच्चारित अनुस्वार असतात, त्यामुळे शब्द सापडला नाही तर अनुस्वार देऊन एकदा आणि ऱ्हस्व-दीर्घ बदलून एकदा बघा, आणि मगच 'नाही' म्हणा. दुसरी, 'क्षेत्रक्षमता' तिथे सापडणार नाही आणि त्यात काही बिघडत नाही. फील्ड कपॅसिटी हा शब्द वाइमायर आणि हेन्ड्रिक्सन यांच्या १९३१ च्या पेपरपासून मृदाशास्त्रात रुळला, म्हणजे दाते-कर्वे कोशाचा पहिला भाग यायच्या जेमतेम वर्षभर आधी. घडवलेला पारिभाषिक शब्द जुन्या कोशात नसणं साहजिक आहे. उलट 'वाफसा' जुना, शेतात घडलेला शब्द आहे, त्याची कोशात तपासणी करायलाच हवी, आणि ती करताना नुसता अर्थ वाचू नका, नोंद कशाची आहे ते बघा. वाफसा ही *अवस्था* आहे. पाऊस पडून गेला, वरचं पाणी मुरलं, चिखल गेला, जमीन पेरणीला-कुळवणीला जोगी झाली, ती वेळ. बोलतानाही बघा, वाफसा 'येतो', 'झाला' म्हणतात, 'वाफशावर पेरणी' म्हणतात, 'वाफसा गेला' पण म्हणतात. वाफसा कुणी 'सेट' करत नाही आणि 'वाफसा ३६ टक्के' असं शेतात कुणी म्हणत नाही. म्हणजे मगाशी जो धागा हातात ठेवायला सांगितला तो इथे ओढला गेला: मूळ वाक्यात रक्कम हवी आहे आणि हा शब्द अवस्थेचा आहे.

हा नुसता व्याकरणाचा मुद्दा नाही. मशागतीला योग्य ओलावा आणि फील्ड कपॅसिटीचा ओलावा हे भारी, चिकणमातीच्या जमिनीत एक नसतात. निचरा थांबला तरी अशी जमीन अजून इतकी ओली असते की अवजार घातलं तर ढेकळं निघतात, तुकतुकीत काप पडतात, चाकाखाली माती दाबली जाते. तिला वाफसा यायला अजून थोडं वाळावं लागतं, म्हणजे ओलावा फील्ड कपॅसिटीच्या खाली यावा लागतो. हलक्या जमिनीत दोन्ही बरेच जवळ येतात, म्हणून तिथे 'वाफसा म्हणजेच फील्ड कपॅसिटी' म्हटलं तर फारसं कुणाला खटकत नाही. बऱ्याच शेतीलेखांत वाफसा तसा वापरलेला दिसतो आणि मी त्या लेखकांना चूक म्हणणार नाही, ते शेतकऱ्याला समजेल असं लिहितायत. पण तुमच्या सेन्सरमध्ये तो आकडा पाण्याचा व्हॉल्व्ह कधी बंद होणार ते ठरवणार आहे, तिथे जवळपास चालत नाही.

आता 'जलधारण क्षमता'. या शब्दाची अडचण अशी की तो मराठीत चांगला रुळलेला आहे, भरपूर सापडतो, म्हणूनच धोकादायक आहे. रुळलाय तो एका अर्थाने नाही. काही ठिकाणी तो माती पूर्ण भिजवून जास्तीत जास्त किती पाणी मावतं त्यासाठी येतो, काही ठिकाणी पिकाला मिळू शकणाऱ्या पाण्यासाठी, म्हणजे फील्ड कपॅसिटी वजा कोमेजण्याचा बिंदू, आणि काही ठिकाणी फक्त 'ही जमीन पाणी बरं धरते' एवढंच सांगायला. आकडे घालून बघा, मग फरक अंगावर येईल. एफएओच्या त्याच पेपरमध्ये चिकणमातीची फील्ड कपॅसिटी आकारमानाने ३२ ते ४० टक्के आणि कोमेजण्याचा बिंदू २० ते २४ टक्के दिलाय. तुमचे ३६ आणि त्याला साजेसे २२ धरू. मुळं अर्धा मीटर खोल असतील तर मधलं १४ टक्के म्हणजे ७० मिलिमीटर पाणी पिकाच्या कामाचं. आता मॅन्युअल वाचणाऱ्याने 'जलधारण क्षमता' पाहून मातीपरीक्षणाच्या रिपोर्टमधला पूर्ण भिजलेल्या मातीचा आकडा भरला, समजा ५० टक्के, तर यंत्राच्या हिशोबाने पाण्याची जागा ७० नाही तर १४० मिलिमीटर होते, दुप्पट, आणि व्हॉल्व्ह उघडाच राहतो, जास्तीचं पाणी खाली झिरपून जातं किंवा मुळांशी साचतं. दुसऱ्या कुणी उपलब्ध पाण्याच्या अर्थाने १४ भरले, तर तो आकडा कोमेजण्याच्या २२ च्याही खाली आहे, यंत्राला जमीन कायम भरलेलीच वाटणार आणि ते पाणी देणारच नाही. एकाच मराठी शब्दाने दोन माणसं दोन उलट दिशांना चुकतात. म्हणून क्लायंटची जुनी फाइल काहीही म्हणो, हा शब्द इथे नको.

उरली क्षेत्रक्षमता, आणि तिचीही परीक्षा घ्यायची आहेच, फक्त बाकीचे दोघे गळाले म्हणून ती बरोबर ठरत नाही. इथे समांतर मजकूर आणि सर्च येतं.

समांतर मजकुराचे दोन प्रकार असतात आणि लोक ते एकत्र करतात. एक म्हणजे खरं भाषांतर, इंग्रजी पत्रक आणि त्याचंच मराठी. दुसरा म्हणजे त्याच विषयावर मराठीतच विचार करून लिहिलेला मजकूर, कृषी विद्यापीठांच्या पुस्तिका, कृषी विभागाचं 'शेतकरी' मासिक, मराठी विश्वकोशातले मातीवरचे आणि ओलितावरचे लेख. पहिल्यात वाक्याला वाक्य जुळवता येतं म्हणून तो सोयीचा वाटतो, पण त्यातून एवढंच कळतं की तुमच्याआधी कुणा भाषांतरकाराने काय निवडलं, आणि त्याने तुमच्यासारखीच यादी बघून निवडलेलं असू शकतं. दुसऱ्यात जुळणी नसते पण लिहिणारा विषयातला असतो. मी पहिल्यातून उमेदवार गोळा करतो आणि दुसऱ्यात त्यांची साक्ष काढतो. साक्ष काढताना शब्द सापडला म्हणून पान बंद करू नका, त्याच्या आजूबाजूचं वाचा. शेजारी कोमेजण्याचा बिंदू आहे का, निचऱ्याचा उल्लेख आहे का, टक्के किंवा बार आहेत का. शेजारी तेच असतील तर तो शब्द त्याच संकल्पनेचा. शेजारी ट्रॅक्टर आणि हेक्टर असेल तर ती साक्ष तुमच्या खटल्यातली नाही.

सर्च करताना मी शब्दाने सुरुवात करत नाही, व्याख्येने करतो. ही युक्ती मला सगळ्यात जास्त कामाला आली आहे. तुम्ही 'क्षेत्रक्षमता' शोधलीत तर तुम्हाला क्षेत्रक्षमता वापरणारेच दिसणार, न वापरणारे दिसणारच नाहीत. त्याऐवजी ज्या माणसाला ही संकल्पना मराठीत समजावून सांगायची आहे तो कुठले शब्द वापरेल ते शोधा, आणि मग बघा की त्याने तिला नाव काय दिलंय:

```
निचरा गुरुत्वाकर्षण ओलावा कोमेजणे
जमिनीतील ओलावा "१/३ बार"
जमिनीतील ओलावा "1/3 बार"
```

आकडा देवनागरीत आणि रोमनमध्ये असा दोनदा शोधा, सर्च इंजिन दोन्ही एक मानेलच असं नाही. बार जुन्या लिखाणात येतो, एक तृतीयांश बार म्हणजेच आपले ३३ किलोपास्कल. असं शोधून जी पानं मिळतील ती हाताने वाचा, पाच-सात पुरतात, आणि कुणी काय नाव दिलंय ते वहीत लिहा.

त्यानंतर उमेदवार शब्द शोधा, पण सगळ्या रूपांनी. मराठी शब्दाला विभक्ती लागली की अवतरणचिन्हातला सर्च आंधळा होतो. 'क्षेत्रक्षमता' शोधून 'क्षेत्रक्षमतेच्या', 'क्षेत्रक्षमतेला', 'क्षेत्रक्षमतेपर्यंत' मिळतीलच असं नाही, आणि वाक्यात तर शब्द बहुतेक याच रूपात येतो. शिवाय कुणी जोडून लिहितं, कुणी तोडून. वाफशाचं तर अजून कठीण, 'वाफशावर', 'वाफश्यावर', आणि 'वापसा' असं लिहिणारेही भरपूर.

```
"क्षेत्रक्षमतेच्या" OR "क्षेत्र क्षमतेच्या"
"क्षेत्र क्षमता" "ओलावा" "जमिनीच्या"
"वाफसा" OR "वापसा" ओलावा टक्के -जीवामृत -बीजामृत
```

दुसऱ्या ओळीत 'ओलावा' आणि 'जमिनीच्या' का घातलंय ते सांगतो. 'क्षेत्र क्षमता' हे शब्द हिंदीतही जसेच्या तसे चालतात, त्यामुळे नुसतं शोधलं तर हिंदीची पानं मिसळून येतात आणि आपल्याला वाटतं मराठीत केवढा रुळलाय. हिंदीवाला नमी लिहील, ओलावा लिहिणार नाही, म्हणून एखादा अस्सल मराठी शब्द सोबत दिला की चाळण लागते. तिसऱ्या ओळीतल्या वजाबाकीचं कारण असं की सुभाष पाळेकरांच्या नैसर्गिक शेतीत वाफसा हा जीवामृत, बीजामृत, आच्छादन यांच्याबरोबरचा चौथा खांब आहे, आणि तिथे त्याची व्याख्या वेगळी आहे, मातीच्या पोकळीत अर्धी हवा आणि अर्धी पाण्याची वाफ अशी. त्यावरचं लिखाण नेटवर प्रचंड आहे. ते बरोबर का चूक हा इथला प्रश्न नाही, पण ती साक्ष वेगळ्या संकल्पनेची आहे आणि ती मोजणीत धरली तर निकाल फिरतो. वाफसा हा शब्द सेटिंगला न देण्याचं माझं हे दुसरं कारण, वाचणाऱ्यांपैकी काहींच्या डोक्यात आधीच एक वेगळी व्याख्या पक्की असणार.

किती निकाल आले तो आकडा दिसला तरी विसरून जा, तो अंदाजाचा असतो आणि शेवटच्या पानापर्यंत गेलात की बऱ्याचदा हजारांचे वीस-पंचवीस होतात. त्या वीस-पंचवीसमध्येही एकाच लेखाच्या नकला किती ते बघा. सोपा मार्ग म्हणजे एका पानावरून सात-आठ शब्दांचं सलग वाक्य उचला आणि अवतरणात शोधा, तेच वाक्य चार ठिकाणी निघालं तर त्या चार साक्षी नाहीत, एकच आहे. यंत्राने केलेली भाषांतरंही अशीच गाळायची, ती ओळखू येतात, एकाच पानावर फील्ड कपॅसिटीला एकदा 'क्षेत्र क्षमता', एकदा 'फील्ड क्षमता' आणि एकदा 'मैदानाची क्षमता' दिसली की समजायचं. मैदानाची क्षमता मी स्वतः वाचलीय, सिंचनाच्या पानावर.

आणि उलट बाजूने, सर्चमध्ये कमी सापडलं म्हणजे शब्द वापरात नाही असंही नाही. आपल्याकडच्या कृषी पुस्तिका, विद्यापीठांची प्रकाशनं, जुने अहवाल यांच्यातला मोठा भाग युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाईप झालेला किंवा नुसता स्कॅन केलेला आहे. पीडीएफ उघडली की डोळ्याला सुंदर मराठी दिसतं, पण त्यातला शब्द कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की रोमन अक्षरांची खिचडी निघते. असा मजकूर सर्चला दिसतच नाही. म्हणून विषयाच्या नावाने पीडीएफ शोधा, 'सिंचन व्यवस्थापन filetype:pdf' असं काहीतरी, आणि उघडून अनुक्रमणिकेवरून जमिनीतल्या ओलाव्याचं प्रकरण काढून डोळ्यांनी वाचा. वेळ लागतो, एका शब्दासाठी मी कधी कधी दीड-दोन तास घालवतो, पण सगळ्यात चांगली साक्ष बहुतेक वेळा अशाच न शोधता येणाऱ्या पानात असते.

एवढं झालं की शेवटची परीक्षा, आणि ती तुमच्याच मजकुरावर. सुरुवातीला काढलेल्या वाक्यांतली चार वेगळ्या तऱ्हेची वाक्यं घ्या आणि प्रत्येकात उमेदवार बसवून मोठ्याने वाचा. 'क्षेत्रक्षमता ३६ टक्के सेट करा' बसतं. 'ओलावा क्षेत्रक्षमतेच्या वर गेल्यास व्हॉल्व्ह बंद होतो' बसतं. 'क्षेत्रक्षमता मोजण्यासाठी जमीन पूर्ण भिजवा आणि दोन ते तीन दिवसांनी रीडिंग घ्या' हेही बसतं. पण 'जमीन फील्ड कपॅसिटीला आल्यावर' असं अवस्थेसारखं वाक्य आलं तर 'जमीन क्षेत्रक्षमतेला आल्यावर' थोडं खडबडीत लागतं, तिथे मी 'जमिनीतला ओलावा क्षेत्रक्षमतेइतका झाल्यावर' असं फिरवतो. तिथे वाफसा घालायचा मोह होतो, घालू नका, एका संकल्पनेला एका मॅन्युअलमध्ये दोन नावं झाली की वाचणारा दोन सेटिंग शोधत बसतो. वाफसा ठेवा तो जिथे मूळ इंग्रजी खरोखर मशागतीबद्दल बोलतंय तिथे, 'माती काम करण्याजोगी होईपर्यंत सेन्सर पुरू नका' अशा अर्थाचं वाक्य इन्स्टॉलेशनच्या भागात असेल तर 'वाफसा आल्यावरच सेन्सर बसवा' याच्याइतकं नेमकं मराठी दुसरं नाही. काकांचा शब्द तिथे वापरा.

क्षेत्रक्षमतेत मला एक उणीव दिसते ती लपवत नाही. शब्दातून पाण्याचा पत्ताच लागत नाही, पहिल्यांदा वाचणाऱ्याला क्षेत्रफळ आठवेल, आणि मगाशी सांगितलेला यंत्राचा अर्थही याच शब्दात मावतो. म्हणून पहिल्या वापराला हे वाक्य द्या: 'क्षेत्रक्षमता म्हणजे जमीन पूर्ण भिजून जास्तीचं पाणी निचरून गेल्यावर तिच्यात टिकून राहिलेला ओलावा.' आणि सेटिंगच्या स्क्रीनवर जागा असेल तर 'क्षेत्रक्षमता (ओलावा %)' लिहा, एकक दिसलं की अर्धा गोंधळ मिटतो.

क्लायंटला पाठवताना शब्द बदलल्याचं कारण सोबत द्या, नाहीतर त्यांचा रिव्ह्यूअर जुन्या फाइलशी जुळत नाही म्हणून 'जलधारण क्षमता' परत बसवेल, हे माझ्याबाबतीत दोनदा झालंय. मी साधारण असं लिहितो:

```
संज्ञा: field capacity (माती, टक्के आकारमान)
मराठी: क्षेत्रक्षमता
नाकारले: जलधारण क्षमता (पूर्ण भिजलेली माती आणि
उपलब्ध पाणी यांसाठीही वापरात; आकडा चुकतो)
राखीव: वाफसा = soil workable / fit for tillage
टीप: यंत्रांच्या मजकुरात (ha/h) हा शब्द वापरू नये
विचारायचे: उपकरणात भरायचा आकडा निचऱ्यानंतरचाच ना?
```

शेवटची ओळ गाळू नका. काही उपकरणांत भरायचा आकडा निचऱ्यानंतरच्या ओलाव्याचा नसतो, सेन्सर पाण्यात पूर्ण बुडवून घेतलेल्या रीडिंगला पण उत्पादक कधी कधी सैलपणे फील्ड कपॅसिटी म्हणून टाकतात. तसं असेल तर चूक मूळ इंग्रजीत आहे आणि वरचे सगळे कोश धुंडाळूनही ती सापडणार नाही, ती उपकरण बनवणाऱ्या इंजिनिअरलाच विचारावी लागेल. त्यांनी 'निचऱ्यानंतरचा' असं लेखी कळवलं की शब्द टर्मबेसमध्ये टाका आणि मेमरीतल्या जुन्या जलधारण क्षमतेच्या नोंदी एकेक उघडून दुरुस्त करा, सरसकट फाइंड-रिप्लेस नको, कारण त्यातल्या एखाद्या वाक्यात मूळ शब्द फील्ड कपॅसिटी नसेलच, वॉटर होल्डिंग कपॅसिटी असेल, आणि तिथे जलधारण क्षमताच बरोबर असेल.